तक्रारदार फोन उचलत नाहीत

ज्यांनी तिला वर काढलं, त्यांनी आपल्या परीनं सगळं केलं होतं. टेम्पो थांबवला, डोक्याला ओढणी गुंडाळली, घरच्यांचा नंबर मिळतो का म्हणून पर्स उघडली. तिचा फोन लॉक होता, पण आतल्या कप्प्यात एक कार्ड सापडलं. 'सर्व प्रकारच्या किल्ल्या बनवून मिळतील', आणि खाली नंबर. नवऱ्याचं दुकान असणार, हे कुणालाही कळलं असतं. टेम्पोवाल्यानं तो नंबर लावला आणि फोन तिच्याच पर्समध्ये वाजायला लागला.

किल्लीवाला त्या वेळी दुकानात एका कपाटाच्या कुलपाशी झटत बसला होता. स्वतःचा फोन त्याच्याकडे होता, पण तो गल्ल्याच्या खणात पडून असायचा. मशीन सुरू झालं की शेजारी ढोल बडवला तरी त्याला कळायचं नाही, म्हणून पाटीवर, कार्डावर, गॅसच्या नोंदीत, बँकेत, सगळीकडे बायकोचाच नंबर होता. "तुमचा फोन म्हणजे पाळलेला दगड," ती म्हणायची. "खायला घाला नाहीतर उपाशी ठेवा, आवाज करायचा नाही." गिऱ्हाईक तिला फोन करायचं, ती दुकानात येऊन सांगायची आणि येताना चहा आणायची. इतकी वर्षं त्यांचं असंच चाललं होतं.

कोपऱ्यावरचा औषधवाला धावत आला तेव्हा दिवे लागून बराच वेळ झाला होता. तो दारातच उभा राहिला. एरवी "काय काका, आज कुणाचं घर फोडलंत?" असं विचारल्याशिवाय त्याला आत पाऊल टाकता यायचं नाही. आज तो नुसता म्हणाला, "काका, मशीन बंद करा."

"काय झालं?"

"काकू पडल्यात. दवाखान्याच्या रस्त्यावर, त्या उघड्या चेंबरमध्ये. मोठ्या इस्पितळात नेलंय, एका गिऱ्हाइकानं पाहिलं. चला, गाडी काढलीय."

ते पोचले तोपर्यंत ती गेली होती. परिचारिकेनं पर्स त्याच्या हातात दिली आणि सही कुठे करायची ते दाखवलं. पर्स कोरडी होती. तेवढीच एक गोष्ट त्या खड्ड्यात पडली नव्हती.

माणसं आली, बसली, गेली. मुलगी सासरहून आली आणि राहिली. आईचा फोन सारखा वाजे, कुणाला किल्ली हवी असे, कुणाचं दार अडकलेलं असे, आणि दर वेळी तिला तेच सांगावं लागे. शेवटी तिनं फोन बंद केला आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिला. पंधरवड्यानं ती परत निघाली तेव्हा म्हणाली, "बाबा, आता तुमचा फोन खिशात ठेवत जा."

"ठेवतो," तो म्हणाला. आणि फोन पुन्हा गल्ल्याच्या खणात गेला.

दुकान उघडायला लागल्यावर पहिल्याच दिवशी तो त्या रस्त्यानं गेला. चेंबर तसंच होतं. कुणीतरी त्यात झाडाची एक वाळकी फांदी उभी केली होती आणि तिला सिमेंटची रिकामी गोणी बांधली होती. वरचा दिवा बंदच. रस्त्याच्या कडेनं कुठून तरी पाणी झिरपत होतं आणि चेंबरच्या तोंडापर्यंत येऊन आत पडत होतं. त्या पाण्यामुळेच संध्याकाळी रस्ता कुठला आणि खड्डा कुठला ते कळत नसे. समोरून एक बाई बाळाला खांद्यावर घेऊन दवाखान्याकडे चालली होती. फांदीपाशी येऊन ती सवयीनं रस्त्यात उतरली, मागून गाडीचा हॉर्न वाजला, ती दचकली आणि पुढे गेली. किल्लीवाला ती दवाखान्यात शिरेपर्यंत बघत राहिला.

या चेंबरबद्दल तक्रार बायकोनं केलेली होती, हे त्याला माहीत होतं. झाकण चोरीला गेलं त्याच आठवड्यात ती वॉर्ड ऑफिसात जाऊन आली होती. येताना नंबर लिहिलेली पावती घेऊन आली, तो कागद तिनं देवघराच्या... नाही, आरशाच्या मागे खोचून ठेवला होता. त्याला घरातल्या जागा आता दोनदा आठवाव्या लागत. "बघू या किती दिवस लावतात," ती म्हणाली होती. "नाही केलं तर पेपरात लिहीन. चार ओळी अशा लिहीन की वाचणारा आधी नमस्कार करेल आणि मग शरमेनं मान खाली घालेल."

पेपरातली वाचकांची पत्रं हा तिचा आवडता भाग. सकाळी चहा घेताना ती मोठ्यानं वाचून दाखवायची आणि मार्क द्यायची. "हा नुसता बोंबलतोय, नापास." "ही बाई बघा, एक वाईट शब्द नाही, पण कशी बरोबर चिमटा काढतेय! पास."

तिनं पत्र लिहिलं नव्हतं. म्हणून ते त्यानं लिहायला घेतलं.

दुकान बंद ठेवून तो एक अख्खी सकाळ बसला. आयुष्यात त्यानं बिलांपलीकडे फारसं काही लिहिलं नव्हतं, पण ते पत्र भराभर आलं. महापालिका खुनी आहे. वॉर्डाचा इंजिनिअर खुनी आहे. त्याच्या घरातलं माणूस त्या खड्ड्यात पडायला हवं. माझी बायको कशी होती, काय करायची, कुणाच्या अडीअडचणीला कशी धावून जायची. चार पानं भरली. शेवटी नाव, पत्ता, फोन नंबर लिहिला, पाकीट बंद केलं आणि वर्तमानपत्राच्या पत्त्यावर टपालात टाकलं.

मग रोज सकाळी तो औषधवाल्याच्या दुकानातला पेपर उघडून पाहू लागला. बसभाड्याबद्दल पत्रं आली, भटक्या कुत्र्यांबद्दल आली, कुणा गृहस्थाला वाचनालयातले पंखे हळू फिरतात याचं दुःख होतं तेही छापून आलं.

"पंख्यांचा नंबर लागला, काका," औषधवाला म्हणाला. "तुमचं पोचलं तरी का? जाऊन विचारा ना. काठावर नुसतं बसून मासे हाती येत नसतात."

वर्तमानपत्राचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. पत्रांचा विभाग म्हणजे खिडकीजवळचं एक टेबल, त्यावर तारेच्या दोन जाळ्या आणि चष्मा कपाळावर ठेवून कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या एक उपसंपादक बाई. वय पन्नाशीच्या पुढचं. त्यानं नाव सांगितलं.

"किल्लीवाले ना? चार पानं?" बाईंनी दुसऱ्या जाळीतून त्याचं पाकीट काढलं. "मला आठवतंय तुमचं पत्र. पण पत्र लिहिणारा खरा आहे, पत्र त्यानंच लिहिलंय, याची खात्री केल्याशिवाय आम्ही छापत नाही. लोक एकमेकांच्या नावावर काहीही लिहून पाठवतात हो. मी फोन केला, एकदा नाही, बऱ्याचदा. हे बघा, इथे लिहिलंय. 'फोन बंद.'"

त्यांनी पत्राचं शेवटचं पान त्याच्यापुढे धरलं. लाल पेनानं केलेल्या शेऱ्याच्या वर त्याच्याच अक्षरातला नंबर होता.

तो नंबर पाहत राहिला.

"काय झालं? चुकलाय का?"

"नाही," तो म्हणाला. "बरोबर आहे. तिचा आहे."

बाईंना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. त्यांनी चष्मा कपाळावरून काढून टेबलावर ठेवला आणि शेजारच्या टेबलाची खुर्ची ओढून त्याला बसायला दिली. कुणाला तरी पाणी आणायला सांगितलं.

"सवय आहे," तो म्हणाला. "सगळीकडे तिचाच देतो."

"असू दे." बाईंनी पानं चाळली. "पण खरं सांगू का काका, फोन लागला असता तरी हे असं छापता आलं नसतं. कुणाला खुनी म्हणायचं तर ते कोर्टानं म्हणावं लागतं. दुसरं म्हणजे, यात चेंबर नेमकं कुठे आहे तेच नाही. कधीपासून उघडं आहे, नाही. तुम्हाला काय करून हवंय, तेही नाही. चार पानांत या तीन गोष्टी नाहीत."

"म्हणजे तिचं काढून टाकायचं?"

"तसं नाही म्हणत मी. पण दोनशे शब्द मिळतात. त्यात जागा सांगा, केव्हापासून ते सांगा, तक्रार केली होती ते सांगा, आणि मागणी सांगा. काकूंबद्दल एक वाक्य ठेवा. एकच. जपून लिहा ते." त्या थांबल्या. "तक्रार केली होती ना कुणी?"

"तिनंच केली होती."

"मग आधी वॉर्ड ऑफिसात जा आणि त्या तक्रारीचं काय झालं ते विचारा. पत्रात ते हवंच. नाहीतर उद्या ते खुलासा पाठवतील की आमच्याकडे तक्रारच नव्हती, आणि आम्हाला तो छापावा लागेल."

आरशामागची पावती घेऊन तो वॉर्ड ऑफिसात गेला. तक्रारींच्या खिडकीवरून त्याला आत पाठवलं, आतून पुन्हा बाहेर, आणि अखेर जेवणाच्या सुट्टीनंतर कनिष्ठ अभियंत्याच्या खोलीत. पत्रात ज्याला खुनी म्हटलं तो हाच. सत्तावीस-अठ्ठावीसचा पोरगा, पँटवर गुडघ्यापर्यंत वाळलेला चिखल, डबा उघडा आणि तोंडात घास. त्यानं घाईनं घास गिळला.

"बसा काका. नंबर सांगा." त्यानं कॉम्प्युटरवर नंबर टाकला. "ही तर बंद झालेली तक्रार आहे."

"झाकण नाही बसलं अजून."

"नाही, पण तक्रार बंद आहे. थांबा, कारण बघतो." तो पडद्याकडे वाकला आणि कामाच्या आवाजात वाचून गेला. "'जागा पाहण्यासाठी तक्रारदाराशी संपर्क साधला. तक्रारदार फोन उचलत नाहीत. सबब तक्रार निकाली.' बघा ना, त्या रस्त्यावर आमची दहा-बारा चेंबरं आहेत. नेमकं कुठलं ते दाखवायला माणूस लागतो. फोनच उचलला नाही तर आम्ही तरी काय करणार?"

"तारीख काय आहे?"

त्यानं तारीख सांगितली.

किल्लीवाल्यानं खिशातून रुमाल काढला, पण तो वापरला नाही. "त्याच्या आदल्या दिवशी ती त्या चेंबरमध्ये पडली," तो म्हणाला. "माझी बायको. फोन उचलायला कोण असणार?"

अभियंत्यानं डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना, तरी तो ते दाबत राहिला.

"मी फोन नव्हता केला, काका," तो म्हणाला. "म्हणजे, आमच्या मुकादमानं केला. पण बंद मीच केली. रोज पन्नास येतात. आठवडा संपायच्या आत निकाली निघाली नाही तर लाल दिसते, आणि लाल दिसली की साहेब..." त्यानं वाक्य सोडून दिलं.

किल्लीवाल्याला वाटलं होतं की हा माणूस समोर आला की आपण त्याची गचांडी धरू. पण त्या पोराचा चेहरा पाहून त्याला नुसता थकवा आला.

"हे मला छापून द्या," तो म्हणाला. "पडद्यावर आहे ते. शिक्का मारून."

अभियंता उठला आणि स्वतः शिक्का आणायला गेला. परत आल्यावर म्हणाला, "जुनी आता उघडता येत नाही, मुदत गेलीय. नवीन नोंदवतो तुमच्या नावावर. आणि खरं सांगतो, झाकण बसवायचं तर आधी ठरायला हवं की चेंबर सांडपाण्याचं आहे का पावसाळी गटाराचं. खाती वेगळी आहेत. दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. फोन नंबर सांगा."

त्याच्या तोंडून तोच नंबर निघाला. सांगून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं. अभियंत्याचं बोट कीबोर्डवर थांबलं. त्याच्या पडद्यावर जुन्या तक्रारीत तोच नंबर होता.

"राहू द्या तोच नंबर," किल्लीवाला म्हणाला. "फोन मी चालू करतो."

घरी जाऊन त्यानं साड्या बाजूला केल्या, फोन काढला आणि चार्जिंगला लावला. मुलीला फोन लावून लॉक कसं काढायचं ते विचारलं. तिनं आकडे सांगितले. ती मुलीचीच जन्मतारीख होती.

नवं पत्र लिहायला त्याला आठवडा लागला. गिऱ्हाईक नसलं की तो कच्च्या कागदावर एक वाक्य लिहायचा, खोडायचा. किल्ली घासतानाही तो हेच करायचा, थोडं घासायचं, कुलपात घालून बघायचं, पुन्हा थोडं घासायचं. जास्त गेलं तर किल्ली वाया. बायकोच्या वाक्यावर तो सगळ्यात जास्त अडला. ती कशी होती हे सांगायला चार पानं पुरली नव्हती, आणि आता एक ओळ होती. तिनं काय केलं असतं, असा विचार करून त्यानं ती ओळ लिहिली.

*मा. संपादक यांस,*

*स. न. वि. वि.*

*विषय : सरकारी दवाखान्याच्या रस्त्यावरील उघड्या चेंबरबाबत.*

*दवाखान्याच्या फाटकाकडे जाताना डाव्या हाताला, बंद पडलेल्या दिव्याच्या खांबाला लागून एक चेंबर आहे. त्याचे लोखंडी झाकण चोरीला गेल्याला तीन महिने झाले. पाण्याच्या गळतीमुळे संध्याकाळी तो खड्डा दिसत नाही. या रस्त्याने आजारी माणसे, म्हातारी माणसे आणि लेकुरवाळ्या बाया जातात. त्यांना दुसरा रस्ता नाही.*

*झाकण गेले त्याच आठवड्यात माझ्या पत्नीने वॉर्ड कार्यालयात तक्रार नोंदवली होती. पुढे ती स्वतःच या चेंबरमध्ये पडून वारली. दुसऱ्या दिवशी कार्यालयाने तिला फोन केला आणि 'तक्रारदार फोन उचलत नाहीत' असा शेरा मारून तक्रार निकाली काढली. त्या नोंदीची शिक्का मारलेली प्रत सोबत जोडली आहे.*

*कर्मचाऱ्यांवर कामाचा भार आहे, हे मी स्वतः पाहिले आहे. माझा कुणा एकावर राग नाही. चेंबर कोणत्या खात्याचे, हे दोन्ही खात्यांनी एकत्र बसून लवकर ठरवावे. तोवर तिथे भक्कम कठडा लावावा, दिवा चालू करावा, गळती थांबवावी आणि झाकण बसवावे, ही नम्र विनंती. तसेच तक्रारदाराने फोन उचलला नाही, एवढ्याच कारणावरून कोणतीही तक्रार बंद करू नये.*

*आपला,*
*एक किल्लीवाला*

खाली त्यानं खरं नाव, पत्ता आणि नंबर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून जोडला.

पत्र देऊन आल्याच्या तिसऱ्या दिवशी शर्टाच्या खिशात काहीतरी थरथरायला लागलं. त्यानं मशीन बंद केलं. ही धून त्यानं वर्षानुवर्षं घरात ऐकली होती, स्वयंपाकघरातून, बाथरूमच्या दारातून, आणि दर वेळी तो ओरडायचा, "अगं, तुझा फोन!" आताही तोंड उघडलं होतं. मग त्यानं फोन काढून कानाला लावला.

"वर्तमानपत्रातून बोलतेय," बाईंचा आवाज आला. "पत्र तुमचंच ना?"

"माझंच आहे. मीच लिहिलंय."

"एक शब्दही नाही काढला मी," बाई म्हणाल्या. "उद्या येईल." मग त्या म्हणाल्या, "चांगलं लिहिलंत, काका."

पत्र पहिल्या क्रमांकावर, चौकटीत आलं. औषधवाल्यानं पाच अंक विकत आणले आणि येईल त्या गिऱ्हाइकाला गोळ्यांबरोबर पान दाखवलं. "वाचा. शिवी नाही, काही नाही. पण वाचा." एका म्हातारबुवांनी दुकानात येऊन किल्लीवाल्याचा हात धरला, दाबला आणि गेले. त्यानं ते पान घरी नेलं, चहा केला आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून मोठ्यानं वाचलं. पास की नापास, हे सांगायला कुणी नव्हतं.

आठवड्यानं महापालिकेचा खुलासा छापून आला. तक्रारीची गंभीर दखल घेण्यात आली आहे, संबंधित खात्यांना सूचना देण्यात आल्या आहेत, वगैरे. त्याच दिवशी दुपारी तिचा फोन पुन्हा वाजला. अभियंता होता. "काका, जागा दाखवायला येता का?"

त्यानं दुकानाला कुलूप लावलं आणि गेला. दोघं त्या चेंबरपाशी उभे राहिले. अभियंत्यानं टेपनं तोंडाची लांबी-रुंदी मोजली आणि मागच्या माणसाला आकडे सांगितले. मग त्यानं आत टॉर्च मारला. किल्लीवाला तेव्हा दुसरीकडे पाहत होता.

"नक्की हेच ना?" अभियंत्यानं विचारलं. विचारल्यावर त्याला स्वतःलाच ओशाळल्यासारखं झालं.

"हेच," किल्लीवाला म्हणाला.

चार दिवसांनी दिवा लागला. गळती बुजवली गेली आणि चेंबरभोवती पिवळा लोखंडी कठडा आला. आता बाया बाळाला घेऊन वळसा घालून जातात. किल्लीवाला महिन्यातून दोनदा वॉर्ड ऑफिसात जातो. अभियंता त्याला पाहून उठून उभा राहतो, पाणी देतो, फाइल दाखवतो. फाइल सांडपाणी खात्याकडून पावसाळी गटारांच्या खात्याकडे गेली होती, ती परत आली आहे. नवीन तक्रार अजून उघडी आहे, आणि बायकोचा फोन रोज चार्ज केलेला असतो.

झाकण बसायचं राहिलं आहे.